रोज 288 वेळा पुसलेला सेक्टर

नाशिककडच्या शीतगृहांत बसवलेले तापमानाचे लॉगर वर्ष-दीड वर्षाने एकेक करून आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागले. तक्रार एकच: वीज जाऊन आली की यंत्र सेटिंग विसरतं. सगळ्यांचा संशय पॉवर सप्लायवर होता.

मी वीज नसतानाही सेटिंग जपून ठेवणाऱ्या फ्लॅश चिपकडे वळलो. तिचा 4 केबीचा एक सेक्टर पुसायला साधारण 45 मिलिसेकंद लागतात, आणि बहुतेक सेक्टरना तेवढेच लागत होते. पहिल्याला मात्र 400 च्या वर. मग त्यात आणि शेजारच्या कोऱ्या सेक्टरमध्ये एकच मजकूर लिहिला. ताबडतोब वाचला तर दोन्ही बरोबर. बोर्ड 85 अंशांच्या ओव्हनमध्ये काही दिवस ठेवून पुन्हा वाचला, तेव्हा शेजारचा जसाच्या तसा होता आणि पहिल्यात कितीतरी शून्यांचे एक झाले होते.

चुका एकाच दिशेने होत्या, आणि मला त्यातच उत्तर दिसलं. या चिपच्या प्रत्येक सेलमध्ये फ्लोटिंग गेट असतं, म्हणजे चारही बाजूंनी ऑक्साइडने वेढलेला सिलिकॉनचा तुकडा. त्याला कुठलीही तार जोडलेली नसते. लिहिताना ट्रान्झिस्टरमधून वेगाने धावणारे काही इलेक्ट्रॉन ऑक्साइड ओलांडून त्यात शिरतात आणि अडकतात. त्यांच्या ऋण भारामुळे ट्रान्झिस्टर सहज चालू होत नाही; ते झालं शून्य. पुसताना उलटा, मोठा व्होल्टेज देऊन ते बाहेर खेचतात. तो झाला एक. खालचा ऑक्साइड जेमतेम 10 नॅनोमीटर जाड, आणि प्रत्येक पुसण्यात त्याच्यावर सेंटिमीटरला सुमारे एक कोटी व्होल्टचं क्षेत्र पडतं.

या माऱ्याने ऑक्साइडमधले काही बंध तुटतात. तिथे इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि मागून येणाऱ्यांना अडवतात, म्हणून पुसायला वेळ लागतो. शिवाय एरवी ओलांडता न येणाऱ्या नदीत मध्येच दगड पडावेत, तसे हे दोष साठवलेल्या भाराला बाहेर पडायची वाट करून देतात. उष्णतेत ही गळती वाढते.

आता हिशेब. मूळ फर्मवेअर दर पाच मिनिटांनी हा एकच सेक्टर पुसून त्यात सेटिंग आणि शेवटची नोंद लिहीत होतं: दिवसाला 288 वेळा. डेटाशीटची हमी एक लाख वेळांची, म्हणजे 347 दिवसांची. वीज असेपर्यंत सेटिंग रॅममध्ये शाबूत राहायचं, त्यामुळे बिघाड दिसायचाच नाही.

बिट एकाचा शून्य करायला सेक्टर पुसावा लागत नाही. शून्याचा एक करायचा तर सगळा सेक्टर पुसावा लागतो. म्हणून नव्या फर्मवेअरमध्ये 16 बाइटची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपुढच्या कोऱ्या जागेत जाते. सेक्टरमध्ये अशा 256 नोंदी मावतात आणि तो भरला की पुढचा घ्यायचा. असे 16 सेक्टर आळीपाळीने वापरल्यावर एकेकाची पुसण्याची पाळी साधारण दोन आठवड्यांनी येते.

झिजलेला सेक्टर मात्र परत पूर्ववत होत नाही. परत आलेल्या बोर्डांवर पहिला सेक्टर आम्ही कायमचा वगळला.