रिकामी लाइन आणि एकटं मशीन

"सगळी ग्रिड गेली तरी कोयना लगेच सुरू होते म्हणता. मग घरी लाइट यायला इतके तास का लागतात? सगळे ब्रेकर एकदम का घेत नाही तुम्ही?"

कोयनेचं मशीन खरोखरच काही मिनिटांत फिरायला लागतं. पाणी वर साठलेलं असतं. पाण्याची वाट उघडणाऱ्या गव्हर्नरच्या तेलाला दाब, बॅटरीचा डीसी आणि एखादा डिझेल जनरेटर एवढ्यावर भागतं. म्हणूनच अंधारातून सुरुवात करायला जलविद्युत केंद्रं निवडतात. औष्णिक संचाला उलट आधी बाहेरून वीज द्यावी लागते. 210 मेगावॉटच्या संचाचा नुसता बॉयलर फीड पंपच साधारण 4 मेगावॉटच्या मोटरवर चालतो. तेव्हा पहिलं काम असतं ते एकट्या जलविद्युत मशीनची वीज दूरच्या औष्णिक केंद्रापर्यंत सुखरूप नेण्याचं. वेळ जातो तो या वाटेवर.

शेजारची ग्रिड जिवंत असेल तर काम सोपं होतं. 30 जुलै 2012 ला पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी उत्तरेची ग्रिड कोसळली, तेव्हा पश्चिमेची ग्रिड उभी होती आणि तिच्याकडून वीज घेता आली. तरीही पूर्ण पुरवठा यायला दुपारचे चार वाजले. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, तेव्हाही बाकीच्या महाराष्ट्रात ग्रिड चालू होती. पण तुमचा प्रश्न कुठूनच वीज मिळत नाही त्या वेळेचा आहे, म्हणून तोच प्रसंग घेते.

ग्रिडला जोडलेली रिकामी लाइन फारसा त्रास देत नाही, कारण तिथे शेकडो मशीन व्होल्टेज धरून बसलेली असतात. एकट्या मशीनला तीच लाइन जड जाते. लांब लाइन म्हणजे एक मोठा कपॅसिटरच. टोकाला भार नसला तरी ती प्रतिक्रियात्मक शक्ती निर्माण करते, जी एमव्हीएआरमध्ये मोजतात, आणि व्होल्टेज वर ढकलते. 400 केव्ही लाइन दर किलोमीटरला साधारण 0.55 एमव्हीएआर देते. 220 केव्हीची साधारण 0.14. हे एमव्हीएआर मशीनलाच पोटात घ्यावे लागतात, आणि त्यासाठी एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या चुंबकाला दिलेला प्रवाह, कमी करत जावं लागतं.

नमुन्याचे गोल आकडे घेऊन हिशेब करू. 80 मेगावॉटचं मशीन, क्षमता सुमारे 89 एमव्हीए. औष्णिक केंद्र 150 किलोमीटरवर. 400 केव्हीच्या लाइनने गेलो तर लाइन 83 एमव्हीएआर देणार. मशीनचा सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स आणि जनरेटर ट्रान्सफॉर्मरचा रिअ‍ॅक्टन्स मिळून 1.12 पर युनिट धरला, तर या मशीनची हद्द 89 भागिले 1.12, म्हणजे सुमारे 79 एमव्हीएआर येते. लाइन हद्दीच्या पुढे गेली. अशा वेळी एक्सायटेशन शून्यावर आणलं तरी व्होल्टेज आपोआप चढत राहतं. व्होल्टेज रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही. याला सेल्फ एक्सायटेशन म्हणतात. 220 केव्हीची लाइन त्याच अंतराला फक्त 21 एमव्हीएआर देते. म्हणून पहिली वाट 220 केव्हीची. 400 केव्हीच्या लाइनने एकदम जास्त वीज नेता येते म्हणून मन तिकडे ओढ घेतं, पण पहिल्या तासात आपल्याकडे न्यायला वीजच थोडी असते.

त्याआधीचं एक काम कंटाळवाणं आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वाटेतल्या प्रत्येक सबस्टेशनमध्ये सगळे ब्रेकर उघडायचे, कपॅसिटर बँका बाहेर काढायच्या, आणि फोनवर प्रत्येकाकडून ते वदवून घ्यायचं. एखादा ब्रेकर जोडलेलाच राहून गेला, तर तुम्ही एक लाइन चार्ज करता आणि तिच्यासोबत भलतीच लाइन किंवा ट्रान्सफॉर्मरही चार्ज होतो. वरचा सगळा हिशेब तिथे मोडतो.

आता ट्रान्सफॉर्मर. रिकामा ट्रान्सफॉर्मर पूर्ण व्होल्टेजवर अचानक घेतला, तर ब्रेकर कोणत्या क्षणी मिटला यावर त्याच्या गाभ्यातला फ्लक्स नेहमीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. आधीच्या बंद होण्यातून उरलेला चुंबकीय अंश त्यात मिळाला तर आणखी वर. गाभा संपृक्त होतो आणि रेटेड प्रवाहाच्या कित्येक पट इनरश करंट खेचला जातो. हा प्रवाह वेडावाकडा असतो, त्यात 100 हर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकचा, मोठा वाटा असतो. मजबूत ग्रिडमध्ये तो लवकर ओसरतो. एकट्या मशीनवर त्याला दाबणारा रोध थोडा, त्यामुळे तो रेंगाळतो.

आणि इथे लाइन आणि ट्रान्सफॉर्मर एकत्र येऊन घात करतात. मशीनचा रिअ‍ॅक्टन्स आणि लाइनची कपॅसिटी यांची स्वतःची एक लय असते. ती काढायला मशीनच्या बाजूची शॉर्ट सर्किट क्षमता लाइनच्या एमव्हीएआरने भागायची आणि वर्गमूळ घ्यायचं. आपल्या मशीनची ही क्षमता सुमारे 254 एमव्हीए धरू. उत्तर येतं ते ही लय ग्रिडच्या 50 हर्ट्झच्या किती पट आहे ते. 220 केव्हीचं एक सर्किट असेल तर ते 3.5 च्या आसपास येतं. दोन घेतली तर 2.5. आणि पर्यायी वाटा तयार असाव्यात म्हणून कुणी तीन सर्किटं चार्ज करून ठेवली, तर 254 भागिले 63, वर्गमूळ जवळपास 2, म्हणजे 100 हर्ट्झ. मग ट्रान्सफॉर्मर घेतला की त्याचा 100 हर्ट्झचा प्रवाह त्याच लयीत धक्के देतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं व्होल्टेज फुगतं, ते गाभ्याला आणखी संपृक्त करतं, आणि इनरश ओसरायला तयार होत नाही. लाइटनिंग अरेस्टर तापतात, ओव्हरव्होल्टेज रिले लाइन पाडतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

हे ओळखायचं कसं? ट्रान्सफॉर्मर घेतल्यावरची घरघर काही सेकंदांत उतरायला हवी. ती तशीच राहिली तर लक्षण वाईट. मीटरवरचा आकडा फसवा असतो, कारण शिखरं त्यात नीट दिसत नाहीत. डिस्टर्बन्स रेकॉर्डरमधली लहर वाकडी दिसते आणि रिलेत दुसऱ्या हार्मोनिकची टक्केवारी टिकून राहते.

यावरचा मला आवडणारा उपाय साधा आहे. मशीन फिरवायचं, पण एक्सायटेशन द्यायचं नाही. जनरेटर ट्रान्सफॉर्मर, लाइन आणि पलीकडचा ट्रान्सफॉर्मर आधीच जोडून ठेवायचे आणि मग व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवायचं. फ्लक्स व्होल्टेजबरोबर वाढतो, त्यामुळे इनरश जवळजवळ येतच नाही. यालाही मर्यादा आहे. कमी व्होल्टेजवर लाइनचं संरक्षण आंधळं असतं, दोष असला तरी दिसत नाही. शिवाय हे फक्त पहिल्या वाटेला जमतं. एकदा भार चढला की व्होल्टेज परत शून्यावर नेता येत नाही, पुढचे ट्रान्सफॉर्मर जिवंत बसबारवरच, म्हणजे आधीच व्होल्टेज असलेल्या सबस्टेशनच्या मुख्य वाहकावरच, घ्यावे लागतात.

त्यासाठी क्रम ठरलेला असतो. बसबारचं व्होल्टेज 90 टक्क्यांच्या आसपास उतरवायचं. आधी थोडा भार घ्यायचा, कारण भार लय दाबतो आणि व्होल्टेज धरतो. जमलं तर दुसरं मशीन समांतर आणायचं. शॉर्ट सर्किट क्षमता दुप्पट झाली की एका सर्किटवर तेच उत्तर 3.5 वरून 5 च्या जवळ जातं आणि 100 हर्ट्झपासून सुरक्षित अंतर मिळतं. मगच पुढचा ट्रान्सफॉर्मर.

भारही तुकड्यातुकड्याने. एका मशीनवर एका वेळी चार-पाच मेगावॉट, मग फ्रिक्वेन्सी सावरेपर्यंत थांबायचं. तासभर बंद असलेला फीडर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो, कारण सगळे फ्रीज, एसी आणि पंप एकदम सुरू होतात. तुमच्याकडे लाइट येऊन दोन मिनिटांत परत जाते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. 400 केव्हीची लाइन निघते ती याच्याही नंतर, चार-पाच मशीन सोबत आली, हाताशी भार असला आणि लाइनचे एमव्हीएआर शोषणारा शंट रिअ‍ॅक्टर जोडून ठेवता आला की.