२५ टक्क्यांची ओळ

वॉटर प्युरिफायरच्या कंपनीकडून तपशिलांचा तक्ता आला, एकवीस ओळींचा. सोबत निरोप एवढाच: सहा पोस्ट करा, लोकांना फायदा कळला पाहिजे.

अशा वेळी मी प्रत्येक ओळीला ‘बरं, मग?’ विचारत बसते, घरातला एखादा प्रसंग दिसेपर्यंत. ‘साठवण ८ लिटर.’ बरं, मग? मशीन बंद असलं तरी टाकीतलं पाणी नळाला येतं. मग? रात्री लाइट गेली तरी प्यायला पाणी आहे. झाली पोस्ट.

‘कमाल टीडीएस २०००’ या ओळीवर आमच्या नव्या मुलाने ‘२००० टीडीएसची ताकद!’ असं ठोकून दिलं होतं. अहो, ती ताकद नाही, मर्यादा आहे. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे २००० मिलिग्रॅमच्या वर क्षार असतील तर हे मशीन घेऊच नका, असं तो आकडा सांगतो. मी लिहिलं, ‘बोअरचं मचूळ पाणीही चालेल, पण आधी टीडीएस मोजून घ्या.’

खरी अडले ती ‘रिकव्हरी २५ टक्के’पाशी. चार लिटर आत गेलं की एक लिटर प्यायला मिळतं, तीन लिटर बारीक नळीतून बाहेर. हा बिघाड नव्हे. मेम्ब्रेनने, म्हणजे मशीनमधल्या अतिबारीक गाळणीने, अडवलेले क्षार वाहून गेले नाहीत तर तिच्यावरच थर धरतात. म्हणजे ८ लिटरची टाकी भरेपर्यंत २४ लिटर मोरीत. बरं, मग?

मग ही पोस्ट सुचली: ‘ती नळी मोरीत नको, बादलीत सोडा. टाकी भरेपर्यंत फरशीचं आणि संडासाचं पाणी निघालेलं असेल.’ झाडांचं नाव मुद्दाम घेतलं नाही. त्या पाण्यात क्षार मूळच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त असतात. मुळात मचूळ असेल तर कुंड्या जळायच्या. सहांपैकी मला आवडलेली ही एकच.

कंपनीचे साहेब म्हणाले, “पाणी वाया जातं हे आपण कशाला सांगायचं?” पोस्ट गेली. तिच्या जागी ‘शुद्धतेचं वचन’ आलं, जे दुधाच्या पिशवीवरही चाललं असतं.

पहिल्याच दिवशी त्या वचनाखाली कॉमेंट आली: ‘एका लिटरमागे किती पाणी फुकट जातं?’ कंपनीचं उत्तर, ‘आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील.’ त्याखाली आणखी तिघांनी तेच विचारलं. चौघांनाही उत्तर एकच, अक्षराचाही फरक नाही.

कॉमेंटचा स्क्रीनशॉट जोडून बादलीची पोस्ट मी साहेबांना पुन्हा पाठवली आहे. ‘बघतो’ म्हणालेत.