परभणी ते दुबई: जाऊन-येऊन एकच तिकीट की वेगवेगळी दोन?

धाकट्या बहिणीचं बाळंतपण दुबईत होणार हे ठरलं, तेव्हा आई आणि मी वीस दिवसांसाठी तिकडे जायचं नक्की झालं. विमान मुंबईहून आणि मुंबईपर्यंत आपली देवगिरी एक्सप्रेस. परभणीकरांना तो मार्ग पाठच असतो. प्रश्न होता विमानाच्या तिकिटाचा. चार संध्याकाळी वही-पेन घेऊन बसले आणि जो हिशेब केला, तो इथे आकड्यांसकट देते. भाडं रोज बदलतं, त्यामुळे तुम्हाला हेच आकडे दिसणार नाहीत. हिशेबाची वाट मात्र हीच राहील.

मोबाइलवर पहिल्यांदा दिसलं ते असं. एका मोठ्या कंपनीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी 27,600 रुपये. त्यात जाताना-येताना प्रत्येकी 25 किलो सामान, हातात 7 किलो आणि जेवण धरलेलं. दुसरीकडे एका स्वस्त कंपनीचं फक्त जाण्याचं 9,800 आणि तिसऱ्याच एका कंपनीचं फक्त येण्याचं 8,400. म्हणजे दोन्ही मिळून 18,200. माणशी 9,400 रुपये वाचतात, दोघींचे 18,800. जावयांचा लगेच फोन आला, "स्वस्तातलं घेऊन टाका, विचार कसला करताय?" मी थांबले, कारण स्वस्त तिकिटाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: फक्त हँडबॅग, 7 किलो.

मध्ये आणखी एक विचार आला होता. जाताना सामान जास्त, तेव्हा मोठ्या कंपनीने जावं आणि येताना स्वस्त कंपनीने यावं. पण त्या मोठ्या कंपनीचं एकाच बाजूचं तिकीट पाहिलं तर 19,200. म्हणजे जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्मं नव्हे, दोन तृतीयांशाहूनही जास्त. देशातल्या विमानांत बहुतेक वेळा जाऊन-येऊन म्हणजे दोन तिकिटांची नुसती बेरीज असते, म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच असेल. परदेशी मार्गावर मोठ्या कंपन्या परतीचं तिकीट सोबत घेणाऱ्याला वेगळाच दर लावतात. त्यामुळे जाऊन-येऊन तिकिटाला दोनने भागून एका बाजूचा अंदाज बांधू नका. प्रत्येक बाजू वेगळी शोधून बघा.

आता सामान. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो, आणि लोक हाच भाग अंदाजाने सोडून देतात. मी बाबांचा ताणकाटा काढला आणि आईला म्हटलं, न्यायचं ते सगळं आज ओट्यावर मांड. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, आळीव, ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, शेवया, बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी, दोन गोधड्या. "पीठ कशाला?" म्हटलं तर आई म्हणाली, "अगं, घरच्या ज्वारीचं पीठ तिकडं भेटतंय का कुठं? बाळंतिणीला भाकर नको का?" यावर बोलायला काही जागा नव्हती. खसखस मात्र मी काढायला लावली. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि आपल्या डिंकाच्या लाडवात व काळ्या मसाल्यात ती असतेच. आईने लाडू बिनखसखशीचे केले. तिला ते फार जिवावर आलं, पण केले.

कपड्यांसह सगळं वजन भरलं 46 किलो. येताना मात्र खाऊ संपलेला, गोधड्या तिकडेच राहणार, म्हणजे दोघींचे कपडे आणि थोडंफार सामान. जाताना 46 आणि येताना फार तर 20 किलो. मोठ्या कंपनीच्या तिकिटात दोन्ही बाजूंना 50-50 किलोचे पैसे भरलेले होते, आम्हाला ते एकाच बाजूला लागत होते. दोन वेगळ्या तिकिटांचा खरा फायदा मला इथे दिसला. ज्या बाजूला जेवढं वजन, तेवढंच विकत घ्यायचं.

मग खरी बेरीज केली. दोघींचं दोन्ही बाजूंचं भाडं 36,400. जाताना एकीला 30 किलो (3,900) आणि एकीला 20 किलो (2,600), मिळून 6,500. येताना एकीलाच 20 किलो, 2,200. आईशेजारीच बसायचं होतं म्हणून जागा निवडण्याचे दोन्ही बाजूंचे मिळून 2,600. मोठ्या कंपनीत वेब चेक-इनच्या वेळी जागा फुकट मिळत होती. शिवाय पैसे भरताना लागणारं सुविधा शुल्क. दोन कंपन्या म्हणजे ते दोनदा लागतं, आणि तेही माणशी. ते झालं 1,900. जेवण धरलं नाही. सव्वातीन तासांच्या प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. एकूण 49,600. मोठ्या कंपनीचं शुल्कासह 56,000. अठरा हजार आठशेची बचत 6,400 वर आली.

वेळेचा हिशेब अजून बाकी होता. येतानाचं ते स्वस्त विमान मुंबईत रात्री 11:50 ला उतरत होतं. देवगिरी सीएसएमटीहून रात्री साडेनऊच्या सुमारास सुटते. म्हणजे ती गेलेली, आणि पुढची तपोवन सकाळी सव्वासहाच्या सुमारास. आईला घेऊन रात्रभर स्टेशनवर बसणं मला जमणार नव्हतं, आणि खोली व रात्रीची टॅक्सी धरली तर तीन-साडेतीन हजार सहज गेले असते. त्याच कंपनीचं दुपारी 3:40 ला उतरणारं विमान माणशी 1,100 ने महाग होतं. ते घेतलं. आता फरक उरला 4,200.

जातानाही तसंच. देवगिरी मुंबईत सकाळी सातच्या सुमारास पोहोचते, आणि सकाळी 11:20 चं विमान सगळ्यात स्वस्त होतं. पण परदेशी विमानाचं चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. आमच्या येतानाच्या कंपनीचं तर 75 मिनिटं आधी. दोन कंपन्या, दोन नियम, म्हणून दोन्ही वेळा तिकिटाच्या कागदावर लाल पेनने लिहून ठेवल्या. गाडी दोन तास उशिरा आली असती तर 11:20 चं विमान गेलंच असतं, म्हणून 4:35 चं निवडलं. त्याचं भाडं मी वर धरलेलंच आहे.

4,200 साठी दोन तिकिटांचा खटाटोप करावा का, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. मला दोन्ही बाजूंचं नीट समजून घ्यायचं होतं. जाऊन-येऊन तिकिटात, जातानाचं विमान तुम्ही न कळवता चुकवलं तर कंपनी परतीचा भागही रद्द करते. नंतर स्वतःच्या पैशाने तिकडे पोहोचलात तरी परतीची जागा तुमची राहत नाही. दोन वेगळ्या तिकिटांत तसं होत नाही, परतीचं तिकीट जागच्या जागी असतं. पण याची दुसरी बाजूही आहे. जाणारं विमान कंपनीनेच रद्द केलं तर ती फक्त आपल्या तिकिटाचे पैसे देणार. दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही, आणि स्वस्त तिकिटाची तारीख बदलायची तर शुल्क आणि भाड्यातला फरक आपल्या खिशातून. बाळंतपणाची तारीख आठवडाभर मागेपुढे होणार हे माहीत होतं, म्हणून वीस दिवसांत पुरेशी मोकळीक ठेवली आणि व्हिसा हातात आल्यावरच दोन्ही तिकिटं एका बैठकीत काढली. एक काढून दुसरं उद्यावर टाकलं असतं आणि भाडं चढलं असतं, तर सगळी बेरीज पुन्हा करावी लागली असती.

मुंबईच्या काउंटरवर एक गोष्ट झाली. वेब चेक-इन केलेलं होतं, तरी व्हिसा तपासायला काउंटरवर जावंच लागलं. तिथल्या मुलीने स्क्रीन पाहून विचारलं, "परतीचं तिकीट?" पर्यटन व्हिसावर जाणाऱ्याला ते दाखवावं लागतं. जाऊन-येऊन तिकीट असतं तर तिला तिच्याच पीएनआरमध्ये दिसलं असतं. आमचं परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, ते तिच्या स्क्रीनवर दिसणारच नाही. मी छापील प्रत काढून दिली. तिने दोघींची नावं पासपोर्टशी ताडून पाहिली, वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी पुन्हा पाहिली. वीसेक मिनिटं गेली. आई एका हाताने माझा दंड धरून उभी होती. कागद फक्त मोबाइलमध्ये असता आणि रेंज गेली असती तर काय झालं असतं, हे मनात येऊन गेलं. सामानाला मात्र काहीच अडचण आली नाही. एक बॅग 28 आणि दुसरी 18 अशीच भरली होती, त्यामुळे कुणाचे किलो कुणाला, हा विषयच निघाला नाही. 32 किलोंच्या वरची एक बॅग सहसा कोणतीच कंपनी घेत नाही, हे धरूनच भरलं होतं.

नात झाली. वीस दिवस कसे गेले ते कळलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ताणकाटा पुन्हा काढला. तो मी मुद्दाम सोबत नेला होता. माझा 20 किलोंचा अंदाज चुकला. बहिणीने शेजारपाजाऱ्यांसाठी खजूर, बाबांसाठी ब्लँकेट आणि आईसाठी कुकर दिला होता. मोठी बॅग भरली 26 किलो, आणि आईची हँडबॅग नऊच्या पुढे. या कंपनीत हँडबॅगही काट्यावर ठेवतात, हे जावयांनी आधीच सांगितलं होतं. त्याच रात्री कंपनीच्या संकेतस्थळावरून 10 किलो वाढवून घेतले, 1,500 रुपयांना. काउंटरवरचा किलोमागचा दर पाहिला, तर तेच वजन तिथे याच्या दुपटीहून महाग पडलं असतं. हँडबॅगेतले दोन-अडीच किलो मोठ्या बॅगेत गेले. सकाळी निघताना जावयांनी टर्मिनलही पुन्हा तपासलं, कारण आलो होतो एका टर्मिनलवर आणि निघायचं होतं दुसऱ्याच.

शेवटी वहीत फरक उरला 2,700 रुपये. आम्ही दोघी होतो, कागद सांभाळायला मी होते, म्हणून मला ते पटलं. पुढच्या महिन्यात बाबा एकटेच नातीला बघायला निघालेत. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही आणि सामान दोन्ही बाजूंना सारखंच आहे. त्यांच्यासाठी मी त्या मोठ्या कंपनीचं जाऊन-येऊन तिकीट काढलंय, एका पीएनआरचं.