फोटोतल्या प्लॅनवरून दारं-खिडक्या मोजताना

मावसभावाचा मेसेज आला तेव्हा काम अगदी किरकोळ वाटलं होतं. "ताई, घराचा जुना प्लॅन सापडलाय. फोटो पाठवतो. सगळ्या दारांची आणि खिडक्यांची यादी काढून दे, रुंदीसकट. नवीन झडपा करायला टाकायच्यात." मी रोज ड्रॉइंगवरच काम करते, पण कॉम्प्युटरवरच्या फायलींवर. तिथे रेषेवर क्लिक केलं की माप समोर येतं. कागदाच्या फोटोवरून माप काढायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती.

पहिला फोटो उघडला आणि बाहेरच्या भिंतीत जिथे खिडक्या असायला हव्या होत्या, तिथे नुसते करडे पट्टे दिसले. मेसेजमधून येताना फोटो लहान झाला होता, लांब बाजू १६०० पिक्सेल. कागद ए-३ चा, म्हणजे ४२० मिलिमीटर लांब. एका मिलिमीटरला चारसुद्धा पिक्सेल येत नव्हते. प्लॅन १:१०० चा, तेव्हा २३० मिलिमीटरची भिंत कागदावर २.३ मिलिमीटर, म्हणजे फोटोत जेमतेम नऊ पिक्सेल. तेवढ्यात खिडकीच्या तीन-चार बारीक रेषा बसवायच्या म्हटल्यावर त्या एकमेकींत मिसळणारच. फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी जे त्यात उतरलंच नाही ते दिसणार नव्हतं.

मी त्याला पुन्हा फोटो काढायला सांगितलं. कागद जमिनीवर पसरायचा, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर धरायचा आणि अगदी जवळ न जाता थोडं वरून, झूम करून काढायचा, कारण जवळून काढला की कडेच्या भिंती कमानीसारख्या वाकतात. फोटो मेसेजमध्ये न टाकता मूळ फाइल पाठवायची. आणि एक काम टेपचं: ड्रॉइंगभोवतीची चौकट मोजून सांगायची. ती ४०० बाय २७७ मिलिमीटर भरली.

या दोन आकड्यांनी पुढचं सगळं सोपं केलं. फोटो एडिटरमधल्या पर्स्पेक्टिव्ह टूलने मी चौकटीचे चारही कोपरे ओढून नेमका ४००० बाय २७७० पिक्सेलचा आयत केला. आता कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे दहा पिक्सेल, आणि प्लॅन १:१०० चा असल्यामुळे एक पिक्सेल म्हणजे घरातले दहा मिलिमीटर. खोलीत ४२०० लिहिलं होतं ते अंतर मोजलं तर ४१९ पिक्सेल आलं. मला लिहिलेल्या मापाशीच ताडून बघायचं होतं. झेरॉक्स काढलेला कागद थोडा लहान-मोठा झालेला असू शकतो, तेव्हा कोपऱ्यात छापलेल्या स्केलवर एकट्यावर मी भरवसा ठेवत नाही.

पण एक माप जुळलं म्हणून सगळा फोटो सरळ झाला असं होत नाही. इथे मला प्लॅनमधली चिन्हंच उपयोगी पडली, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला.

दाराचं चिन्ह म्हणजे चौथाई वर्तुळ. बिजागरीपाशी त्याचं केंद्र, तिथून निघालेली सरळ रेषा म्हणजे उघडलेली झडप, आणि झडपेच्या टोकापासून चौकटीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी कमान म्हणजे झडपेचा प्रवास. वर्तुळ असल्यामुळे दोन्ही त्रिज्या सारख्याच असायला हव्यात: झडपेची लांबी आणि भिंतीतल्या फटीची रुंदी. फोटो एका दिशेने दबला असेल तर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं आणि या दोन त्रिज्यांमध्ये फरक पडतो. बेडरूमच्या दाराला दोन्ही बाजूंनी ९० पिक्सेल आले, म्हणजे ९०० मिलिमीटर. बाथरूमच्या दाराला ७५ आणि ७५. मधल्या पॅसेजच्या दाराला मात्र ९० आणि ८४. तिथून कागदाची घडी गेली होती. घडीपाशी कागद उचलला होता आणि चार कोपरे ओढून सरळ करणं सपाट कागदालाच लागू पडतं. त्या पट्ट्यातली मापं मी वेगळ्या रंगाने लिहिली, म्हणजे नंतर विसरून वापरली जाणार नाहीत.

जिना तर पट्टीच निघाला. पायऱ्या एकसारख्या असतात, म्हणून त्यांच्या रेषांमधलं अंतरही एकसारखं हवं. फोटो सरळ करायच्या आधी मोजलं होतं तेव्हा पहिल्या पायरीला २६ पिक्सेल आणि वरच्याला २२ आले होते. म्हणजे फोन तिरका होता आणि लांबचा भाग आक्रसला होता. सरळ केल्यावर प्रत्येक पायरी २५, म्हणजे २५० मिलिमीटर. हे जुळल्यावर मी निर्धास्तपणे भिंतींकडे वळले.

भिंती वाचताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी लागते, जी मला पहिल्या नोकरीत सरांनी शिकवली होती: प्लॅन म्हणजे वरून काढलेलं चित्र नाही, तो छेद आहे. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर घर आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून ठेवला, तर खाली बघताना जे दिसेल ते. जे कापलं गेलं ते जाड रेषेत किंवा काळं भरलेलं. कापाच्या खाली जे आहे, म्हणजे ओटा, सिल म्हणजे खिडकीचा खालचा काठ, पायऱ्या, ते बारीक रेषेत. कापाच्या वर जे आहे, म्हणजे बीम, लॉफ्ट, ते तुटक रेषेत. कुठलंही चिन्ह अडलं की मी स्वतःला विचारते: ही वस्तू १.२ मीटरच्या वर आहे, खाली आहे की नेमकी तिथेच?

भिंती काळ्या भरलेल्या होत्या, बाहेरच्या २३ पिक्सेल आणि आतल्या ११-१२. म्हणजे २३० आणि ११५ मिलिमीटर. कागदाच्या घडीची सावलीही भिंतीसारखीच गडद होती आणि एका ठिकाणी मी तिला भिंत समजून रंगवलीसुद्धा. मग लक्षात आलं की ती अक्षरांवरून जाते, मापाच्या रेषेवरून जाते आणि दारापाशीसुद्धा थांबत नाही. खरी भिंत दारापाशी चौकोनी तोंड करून थांबते. शिवाय तिची जाडी शेवटपर्यंत सारखी असते. सावली एका कडेला धारदार आणि दुसरीकडे विरत जाणारी होती.

मोजणी झाली: सहा दारं, आठ खिडक्या. प्लॅनच्या कोपऱ्यात शेड्यूलचा तक्ता होता, तो मी मुद्दाम आधी पाहिला नव्हता, कारण आकडा माहीत असला की डोळे तेवढीच दारं शोधतात. तक्त्यात दारं सात, खिडक्या सात, व्हेंटिलेटर दोन. माझ्याकडे एक दार कमी, एक खिडकी जास्त, आणि व्हेंटिलेटर एकही नाही.

दार कमी आणि खिडकी जास्त, तीही एकच. तेव्हा एखादं दार मी खिडकीत मोजलं असणार हे उघड होतं. तक्त्यात डी-३ या दारासमोर १८०० रुंदी होती आणि संख्या एक. प्लॅनवर १८० पिक्सेलची फट शोधली तर ती हॉल आणि गॅलरीच्या मधल्या भिंतीत सापडली. तिथे भिंतीच्या जाडीत दोन लांब बारीक आयत होते, एकमेकांना मध्यावर थोडे ओलांडून गेलेले. कमान नव्हती, समांतर रेषा होत्या, म्हणून मी खिडकी लिहिली होती. ते सरकतं दार होतं.

शेजारची खिडकी आणि ते दार मी स्क्रीनवर मोठं करून एकाखाली एक ठेवलं. खिडकीत भिंतीच्या दोन्ही कडांच्या रेषा बारीक होऊन फटीतून सरळ पलीकडे गेल्या होत्या, कारण कापाच्या खाली सिलपर्यंतची भिंत उभी आहे आणि वरून बघताना तिच्या कडा दिसतात. दारापाशी खाली काहीच नाही. तिथे कडेच्या रेषा दोन्ही बाजूंना थांबल्या होत्या आणि मध्ये नुसते ते दोन आयत होते. लहान फोटोत हा फरक दिसणं शक्यच नव्हतं.

व्हेंटिलेटर न सापडण्याचं कारणही तोच छेद. त्याचा सिल १.२ मीटरच्या बराच वर असतो, त्यामुळे काप त्याच्या खालच्या भिंतीतून जातो. भिंत अखंड काळी दिसते आणि तिच्या कडेला तुटक रेषांची छोटीशी खूण असते. दोन्ही बाथरूमच्या बाहेरच्या भिंती मी ब्राइटनेस वाढवून पाहिल्या, तेव्हा त्या फिकट तुटक रेषा आणि शेजारचं "व्ही" हे अक्षर दिसलं.

आता यादी जुळली, आणि तेव्हाच जिन्याने वेगळा प्रश्न उभा केला. भाऊ म्हणत होता की हा वरच्या मजल्याचा प्लॅन आहे. कागदाचं शीर्षक फाटलं होतं. पण जिन्यात एकाच बाजूला आठ रेषा होत्या, मग एक तिरकी नागमोडी रेषा आणि पुढे काही नाही. बाणाशेजारी "अप". त्याला विचारलं, "जिन्याच्या एका पायरीची उंची मोजून सांग." १५० मिलिमीटर आली. आठ पायऱ्या गुणिले १५० म्हणजे बरोबर १.२ मीटर, काप तिथेच बसतो. जिना त्या उंचीला कापला गेला आणि वरचा भाग उचलला गेला. घर दोन मजली, त्यामुळे वरच्या मजल्याच्या प्लॅनमध्ये जिना कापला जायचं कारणच नाही. तिथून खाली बघताना दोन्ही टप्पे आणि मधलं लँडिंग अखंड दिसलं असतं. नुसत्या बाणावरून मी हे ठरवलं नसतं, कारण काही ड्रॉइंगमध्ये बाण कुठल्याही मजल्यावर चढाची दिशाच दाखवतो. तुटलेली रेषा मात्र स्पष्ट होती.

"हा तळमजल्याचा आहे," मी त्याला सांगितलं. "वरचा कागद वेगळा असेल, तो शोध." तो त्याच गुंडाळीत, आतल्या बाजूला निघाला. त्यात दारं पाचच होती. चुकून तळमजल्याची यादी वरच्या मजल्याला लावली असती तर दोन झडपा जास्तीच्या झाल्या असत्या.

यादी पाठवताना मी दोन रकाने केले: फोटोवरून खात्रीने काढलेल्या रुंदी, आणि घडीजवळच्या, ज्या टेपने मोजायच्याच. पहिल्या रकान्यावरही लिहिलं की एक पिक्सेल म्हणजे दहा मिलिमीटर, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी प्रत्येक फट जागेवर मोजावी. त्याने मोजली. सरकतं दार १७९० भरलं, बाथरूमचं बरोबर ७५०. पॅसेजच्या ज्या दाराच्या त्रिज्या ९० आणि ८४ आल्या होत्या, ते ९०० निघालं.