सिलचरला न गेल्याचं पत्र

२०११च्या जूनमध्ये माझी बढती झाली. स्केल एकमधून स्केल दोन. बँकेत बढतीची यादी लागली की आधी आपलं नाव शोधायचं आणि मग बोट उजवीकडे सरकवायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझं बोट सरकलं आणि शेवटच्या रकान्यात थांबलं. तिथं सिलचर लिहिलं होतं. काउंटरवरून हेडकॅशियर ओरडले, "मॅडम, पेढे!" मी विचारलं, "सिलचर नक्की कुठं येतं?"

आसामात, बराक नदीच्या काठी. रात्री नवऱ्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मिरज ते मुंबई एक रात्र. मुंबईहून गुवाहाटी दोन दिवसांच्या वर. तिथून लमडिंग, आणि लमडिंगच्या पुढं तेव्हा मीटर गेज होती. डोंगरातून जाणारी आणि पावसाळ्यात दरड कोसळली की बंद पडणारी. गाड्या बदलण्याचा वेळ धरून, सगळं सुरळीत झालं तर चार दिवस. आता गंमत अशी की आम्हाला वर्षाला बारा सीएल, आणि एका वेळी सलग चारच घेता येतात. म्हणजे घरी काही झालं म्हणून मी निघाले, तर मिरजेच्या फलाटावर पाय ठेवताना रजा संपलेली असणार. विमान होतं, नाही असं नाही. पण दर वेळी कोलकात्यामार्गे विमानाने ये-जा करायची, तर वाढलेला पगार त्यातच गेला असता.

घरी असलेलं काही म्हणजे तात्या. माझे सासरे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मूत्रपिंडं गेलेली, मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिस. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची नोकरी जिल्ह्याची, माझी देशभराची. तो माझ्यामागे सिलचरला येऊ शकत नव्हता, आणि तात्यांना चार दिवसांच्या रेल्वेत बसवायचा विचारही करायचा नव्हता.

मी पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा तीन पानी झाला. त्यात तात्यांचा आजार होता, मुलीची आठवी होती, सासूबाई गेल्यापासून घरात दुसरं बाईमाणूस नाही हे होतं, मी अकरा वर्षं एकही तक्रार न करता नोकरी केली हेही होतं. विषय लिहिला होता, 'सिलचर येथील बदली रद्द करण्याबाबत विनंती'. दुसऱ्या दिवशी ते शाखाधिकाऱ्यांपुढं ठेवलं. साहेब तीन वर्षं झोनल ऑफिसच्या पर्सोनेल खात्यात बसून आलेले होते. असली पत्रं त्यांनी शेकड्याने वाचली असणार. त्यांनी फक्त विषयाची ओळ वाचली आणि पेनचं टोपण काढलं.

"मॅडम, हे रद्द होणार नाही."

"वाचलंत तरी कुठं तुम्ही?"

"वाचायची गरज नाही. बदली अधिकाऱ्याला नाकारता येत नाही. बढती नाकारता येते."

मग त्यांनी मला समजावलं, आणि मला वाटतं बँकेत अकरा वर्षं काढून मला हे माहीत असायला हवं होतं. सरकारी बँकांचे अधिकारी सेवा विनियम १९७९चे आहेत. त्यातला ४७वा विनियम एका वाक्याचा आहे, अधिकाऱ्याची बदली बँकेच्या कुठल्याही कार्यालयात, शाखेत किंवा भारतात कुठंही होऊ शकते. आपण नेमणूकपत्रावर सही करतो तेव्हा यावरही सही करतो. साध्या बदलीविरुद्ध अर्ज करता येतो, पण अर्ज दिला म्हणून जाणं थांबत नाही. गुजरात वीज मंडळाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच हे सांगून ठेवलं आहे, की अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावर कर्मचाऱ्याला नव्या जागी हजर होणं टाळता येणार नाही. साहेबांच्या भाषेत, "आधी जॉईन व्हा, मग रडा."

बढतीचं तसं नाही. ती देणगी आहे, आणि देणगी परत करता येते. माझी बदली बढतीच्या पोटात आलेली होती. बढती परत केली की बदली तिच्याबरोबर आपोआप जात होती. म्हणजे माझ्या तीन पानी पत्राने मी दयेची याचना करत होते, आणि खरं तर मला एक सौदा करायचा होता. सौद्याच्या पत्रात किंमत लिहायची असते. ती माझ्या पत्रात कुठंच नव्हती.

"आणि हे पत्र रिलीव्ह व्हायच्या आत गेलं पाहिजे," साहेब म्हणाले. हेही मला सुचलं नव्हतं. सेफची एक किल्ली माझ्याकडे असायची. ती किल्ली रजिस्टरमध्ये सही करून दुसऱ्याच्या हातात दिली, की मी या शाखेची राहत नाही. पगाराचा दाखला नव्या शाखेला रवाना होतो, इथल्या हजेरीपटावरून नाव उतरतं. त्यानंतर घरी बसून लिहिलेलं पत्र कितीही करुण असलं, तरी ते गैरहजर माणसाचं पत्र असतं. काही जण ऑर्डर आल्या दिवशी सिक लीव्हवर जातात आणि तिकडून पत्रं लिहितात. साहेबांना त्याचा विशेष राग होता. "पाठदुखीचं सर्टिफिकेट जोडून आईच्या आजाराबद्दल लिहितात," असं ते म्हणाले.

मग कारण. त्यांनी तीन पानांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "कारण लिहा, कहाणी नको. ज्याला कागद आहे तेवढंच कारण." मुलीच्या आठवीला कागद नव्हता. (दहावी-बारावी असती तर निदान वजन पडलं असतं. आठवीत असलेल्या मुलांच्या आयांनी काय करावं, हे कुणी सांगत नाही.) तात्यांना कागद होता, मिरजेच्या किडनीच्या डॉक्टरांचा. पण साहेबांनी झोनल ऑफिसच्या आवाजात विचारलं, "न्यायला-आणायला तुमचे मिस्टर आहेत ना?"

होतेच. मंगळवार-शुक्रवार तोच शाळेतून वेळ काढून न्यायचा. मी काय करत होते, हे मला त्या खुर्चीत बसून चटकन सांगताच आलं नाही.

मी पाणी मोजत होते. डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून असतं. तात्यांना एक लिटर, आणि त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी, औषधाबरोबरचा घोट, सगळं आलं. ते जास्त झालं की पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगात साठतं. वजन दोन किलोच्या वर वाढलं की पावलं सुजायची, रात्री आडवं होता यायचं नाही, उशा लावून बसून राहायचे. सकाळी मी एक लिटरचा स्टीलचा तांब्या भरून ठेवायचे. त्यांनी बाहेरून चहा घेतला, की तेवढं पाणी तांब्यातून काढून झाडाला. आणि एक खिशातली वही होती. त्यात मी डाव्या बाजूला जमा लिहायचे, उजवीकडे शिल्लक. नवऱ्याने ठेवलेल्या हिशेबात तात्या घोळ करायचे. मुलाला फसवण्यात बापाला काही वाटत नाही. माझ्या वहीत मात्र ते स्वतः येऊन नोंद सांगायचे. "मारुतीच्या देवळापाशी अर्धा कप झाला, लिहून घे." बँकेच्या माणसापुढं खोटा आकडा सांगायचा नसतो, अशी त्यांची कारखान्यापासूनची समजूत होती.

आता ह्याचं सर्टिफिकेट कुठला डॉक्टर देणार?

शेवटी गेलं ते पत्र सहा ओळींचं होतं. इंग्रजीत लिहिलं. हिंदीत लिहायचं एकदा डोक्यात आलं होतं, कारण हिंदी पत्राला हिंदीतच उत्तर देणं १९७६च्या राजभाषा नियमांनी बंधनकारक आहे, आणि तेवढे चार दिवस आणखी मिळाले असते. साहेबांनी हसून नको म्हटलं. त्या सहा ओळींचं मराठी साधारण असं: बढतीबद्दल मी बँकेची आभारी आहे. माझे सासरे आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असून माझ्यावर अवलंबून आहेत, दाखला सोबत जोडला आहे. घरगुती कारणास्तव मी ही बढती स्वीकारण्यास असमर्थ आहे. बढती नाकारल्याचे सेवेवर होणारे परिणाम मला ठाऊक असून मान्य आहेत. मला सध्याच्या पदावर राहू द्यावे.

चौथं वाक्य साहेबांनी माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं. आधी मी 'ठाऊक आहेत' एवढंच लिहिलं होतं. "ठाऊक सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. "मान्य लिहा. तेच वाचतात वरती."

पत्र शाखेमार्फतच जायला हवं होतं, म्हणून खाली त्यांचा शेरा आला. शेऱ्याचे दोन प्रकार असतात हे तेव्हा कळलं. 'फॉरवर्डेड' म्हणजे हा कागद माझ्या टेबलावरून गेला, माझा संबंध नाही. 'रेकमेंडेड' म्हणजे मी याच्या मागे उभा आहे. साहेबांनी दुसरा शब्द लिहिला, सही केली आणि शिपायाला आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद करायला सांगितलं. मला ऑफिस कॉपी दिली. ती मी तात्यांच्या वहीत घडी करून ठेवली. दुसरीकडे कुठं ठेवायला सुचली नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नकार नोंदवून घेतला आहे, पुढची दोन वर्षं बढतीच्या प्रक्रियेत विचार होणार नाही, आणि सामान्य क्रमात बदली करण्याचा बँकेचा अधिकार अबाधित आहे. हा तिसरा भाग मी दोन-तीनदा वाचला. म्हणजे बढती परत करून मी सिलचर टाळलं होतं. नंदुरबार किंवा नागपूर नव्हे. माझ्या बॅचची एक जण त्याच यादीतून ओडिशात गेली. ती पुढं माझ्यापेक्षा एक स्केल वर असायची आणि भेटली की पहिल्यांदा तात्यांची चौकशी करायची. २०१४ मध्ये अर्थखात्याने बँकांना कळवलं की महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या किंवा आई-वडिलांच्या गावाजवळ ठेवावं. त्यातही सासऱ्यांचा उल्लेख नव्हता.

तात्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. ते वही रोज चाळत असतील हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका संध्याकाळी मी घरी आले तर ते ओट्यापाशी स्टुलावर बसलेले, हातात ती घडी.

"सिलचर म्हंजे आसामात का?"

"हो."

"तिकडं पाऊस लई असतो म्हणं."

"असतो म्हणतात."

ते जरा वेळ गप्प बसले. मग कप पुढं केला. "चहा दे अर्धा."

मी वही घेतली. साडेनऊशे झालं होतं. "पन्नासच शिल्लक आहे, तात्या. रात्रीच्या गोळ्यांना लागेल."

त्यांनी कप उलटा घालून ठेवला. "मग गेली असतीस तर बरं झालं असतं," म्हणाले.