घरात एकच फोन आणि त्यातच बँक

आमच्याकडचा अँड्रॉइड फोन आई, मी आणि भाचा असे तिघं वापरतो. खातं आणि सिम आईचं. अशा घरात स्क्रीन लॉक सगळ्यांना माहीत असणारच, तो लपवण्यात वेळ घालवला नाही. लॉक माहीत असला तरी पैसे हलता कामा नयेत, एवढंच बघितलं.

अडचण अशी की बरीच पेमेंट ॲप उघडताना फोनचाच लॉक मागतात. फिंगरप्रिंट चालू असेल तर फोनमध्ये नोंदवलेलं कुणाचंही बोट चालतं, खातं कुणाचं हे तिथे तपासलं जात नाही. म्हणून बँकेच्या ॲपमधलं फिंगरप्रिंट लॉगिन बंद करून वेगळा पिन ठेवला. ब्राउझर पासवर्ड सेव्ह करू का विचारतो, त्याला नकोच म्हणायचं, कारण सेव्ह केलेले पासवर्ड त्याच स्क्रीन लॉकने उघडतात.

खरी राखण यूपीआय पिनची. बँकेप्रमाणे तो चार किंवा सहा आकडी असतो. जन्मसाल, लग्नाची तारीख, स्कूटरचा नंबर हे घरच्यांना पाठच असतात, त्यामुळे तिथून काही घ्यायचं नाही. आम्ही पाकिटातली दहाची नोट काढली. नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे घेतले, दोन-दोनच्या जोड्या करून आईने ते घोकले आणि नोट भाजीवाल्याकडे खर्च केली. ओळीने येणारे आकडे किंवा ओळखीची तारीख निघाली तर दुसरी नोट घ्यायची. बॅलन्स बघायलाही हाच पिन लागतो, म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीनदा बॅलन्स बघितला की बोटांना सवय होते.

पण पिन कितीही चांगला असला तरी तो बदलायला काय लागतं? डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी. ओटीपी याच फोनवर येतो. मग कार्ड फोनच्या कव्हरमागे खोचून ठेवणं म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवणं. कार्ड कपाटात गेलं. आधारवरूनही पिन नव्याने ठेवता येतो, त्यामुळे गॅलरीतला आधारचा फोटोही काढून टाकला.

राहिला भाच्याच्या गेमचा प्रश्न. मेसेज वाचायची परवानगी मिळालेलं ॲप ओटीपीही वाचू शकतं. Settings मधल्या शोधचौकटीत Permission manager टाकून SMS उघडलं. तिथे मेसेजचं ॲप, फोनची स्वतःची ॲप आणि पेमेंट ॲप सोडून बाकी सगळ्यांना Don't allow केलं. पेमेंट ॲपची परवानगी मात्र काढू नका. सिम तुमचंच आहे याची खात्री ते मेसेज पाठवून करतं, आणि परवानगी नसेल तर नोंदणी तिथेच अडकते. Accessibility मध्येही डोकवा: तिथे चालू असलेलं अनोळखी ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

शेवटी लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद केलं.