सोबत्याचा खर्च

«ताई, डोळ्यांच्या शिबिरात तपासणीचा आकडा एवढा कमी, आणि जीप, जेवण, पेशंटच्या सोबत्याची मजुरी यावर एवढा खर्च? असा प्रस्ताव मंजूर कोण करणार?»

मंजूर होतो. कधी कधी होत नाही. तरी मी तो असाच लिहिते, कारण माझा आराखडा उलटीकडून सुरू होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर साधारण महिनाभराने त्याच पाड्यावर जाऊन नजर मोजायची आणि लागेल तो चष्म्याचा नंबर द्यायचा, ही पहिली ओळ. त्यासाठी किती ऑपरेशनं पेलतील, तेवढ्यांसाठी किती पाडे घ्यायचे, हे त्यानंतर. गाडी आणि यंत्रं सगळ्यात शेवटी. पाड्यावर लागतं तरी काय? सहा मीटरवरचा ‘ई’चा तक्ता, डोळ्यापुढे धरायची बारीक भोकाची चकती म्हणजे पिनहोल, टॉर्च, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर. सहा-अठराची ओळ वाचता येत नसेल तर पिनहोल लावायचं. त्यातून सुधारलं तर बहुधा चष्म्याचं काम. नाही सुधारलं तर मोतीबिंदू किंवा आतला काही आजार.

नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची आजी मला विसरता येत नाही. उजव्या डोळ्याने हातभर अंतरावरची बोटं मोजायची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, टॉर्चचा उजेड कुठून येतो एवढंच कळायचं. दिवाळीनंतरचे दिवस. रस्ते कोरडे, म्हणजे आमच्या दृष्टीने शिबिराचा उत्तम हंगाम. पण मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, ते होळीला येणार. घरात आजी आणि दोन नातवंडं. शेजारची सून सोबत यायला तयार झाली, स्वतःची मजुरी बुडवून. दोघी डोंगर उतरून डांबरी रस्त्यापर्यंत आल्या, तिथून आमच्या जीपने दवाखान्यात.

संध्याकाळी बीपी मोजलं, खूप वाढलेलं. साखरही. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, आणि ते बरोबरच होतं. एवढ्या बीपीवर डोळा उघडला तर आत रक्तस्राव होण्याची भीती असते. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, बीपी आटोक्यात आलं की परत आणा म्हणाले.

कशाने आणायचं? मंजूर अंदाजपत्रकात प्रत्येक पाड्याची एकच फेरी होती. चष्म्यांच्या रकमेतून पैसे शिल्लक होते, ते प्रवासाकडे वळवायची परवानगी मी मागितली. परवानगी आली तेव्हा आर्थिक वर्ष संपलेलं होतं. गोळ्या तर त्याआधीच संपल्या होत्या. पावसाच्या तोंडावर आजीचा डावा डोळा लाल झाला, डोकं फुटेल असं दुखू लागलं. अतिपिकलेला मोतीबिंदू आत झिरपतो, डोळ्यातला दाब चढतो आणि मागची नस मरते. उजेड कळत होता, तोही गेला. उजवा डोळा पुढे वाचला.

आणि देणगीदाराच्या तक्त्यात काय? ‘तपासणी झाली’: एक. ‘पुढे पाठवले’: एक. दोन्ही रकाने भरलेले. ऑपरेशन झालं का, दिसू लागलं का, याला रकानाच नव्हता. 2021 साली जागतिक आरोग्य परिषदेने मोतीबिंदूबाबत जे उद्दिष्ट ठरवलं त्यातही नुसतं ऑपरेशन पुरत नाही, नंतरची नजर चांगली असावी लागते. मग आमचे तक्ते तपासणीपाशी का थांबतात?

म्हणून आता बीपी आणि साखर पाड्यावरच मोजते. वाढलेली असेल त्याच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू होतात, त्या चुकत नाहीत ना हे आशाताई बघतात, आणि आकडे आटोक्यात आले की तारीख पडते. हिवाळ्यात तपासणी, होळीनंतर मुलं घरी असताना ऑपरेशन, पाऊस लागायच्या आत शेवटची भेट. या वेळापत्रकात मार्चअखेर मधोमध येतो, म्हणून मी अठरा महिन्यांचाच प्रस्ताव देते. सोबत्याची मजुरी ही वेगळी ओळ, दुसरी फेरी ही वेगळी ओळ. ‘इतर’मध्ये घातली की ती आधी कापली जाते.

पूर्वी मी स्वतःच म्हणायचे, आधी जास्तीत जास्त पाडे गाठू, बाकीचं मागाहून बघू. त्या म्हणण्यात तथ्य नाही असं मला आजही म्हणता येत नाही. चाळिशीचा चष्मा जागच्या जागी देता येतो. त्याला ना दवाखाना लागतो ना सोबती, आणि गोधडी शिवणाऱ्या बाईला तो त्याच दिवशी उपयोगी पडतो. मी घेतलेल्या पाड्यांच्या पलीकडे अशा कितीतरी बाया आहेत, आणि त्यांच्यापर्यंत माझी गाडी जात नाही. तुम्ही हा मुद्दा काढलात तर माझ्याकडे उत्तर नाही. ‘पण ऑपरेशनची तारीख देऊन न नेणं वाईट’ एवढं म्हणते, आणि ते पुरेसं नाही हेही मला कळतं.

तरी रक्कम कमी केली तर मी पाडे कमी करते, दुसरी फेरी नाही. यंदाच्या प्रस्तावातही तसंच लिहिलं आहे.